सकाळी ९:१६ ला घेतलेला ईटीएफ आणि गायब झालेले तेराशे रुपये

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

राहायला कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीत. मागच्या सोमवारी ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चक्क खिडकी मिळाली. म्हटलं, आता दहा मिनिटं आहेत तर ठरवलेलं काम उरकून टाकू. मिडकॅप १५० निर्देशांकावरचा एक ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड आहे, छोट्या फंड हाउसचा. नाव मुद्दाम देत नाही. आदल्या दिवशीचा बंद भाव २१.३४ होता. मी १५०० युनिटची ऑर्डर टाकली. ॲपमध्ये आधीपासूनच 'मार्केट' निवडलेलं होतं, ते तसंच राहू दिलं. वेळ ९:१६. दिघा यायच्या आत ऑर्डर पूर्ण.

संध्याकाळी बघतो तर निर्देशांक ०.३ टक्के वर बंद झालाय, ईटीएफचा भाव २१.४१, आणि माझ्या खात्यात साधारण १३०० रुपये तोटा! सरासरी खरेदी २२.२८ दाखवतंय. बाजार वर आणि मी ४ टक्के खाली, हे कसं? ब्रोकरने कापले का फंडाने? आणि तक्रार कुठे करायची?

टवाळ_ठाणेकर

ठाणे ते दिघा तेराशे रुपये. मीटरने आला असतास तरी स्वस्त पडलं असतं रे.

कोपरीकर

एक्स्पेन्स रेशो कापला असणार. छोटे फंड जास्त लावतात. बाकी नियम सोपा आहे: ईटीएफ घेताना फक्त व्हॉल्यूम बघायचा. दिवसाला काही लाख युनिट फिरत नसतील तर हात लावायचा नाही. मी २०१५ पासून हेच करतो, कधी फसलो नाही.

विजया_पाचपाखाडी

ईटीएफमध्ये महिन्याला किती व्याज मिळतं? आमच्या सोसायटीतल्या एकांनी गोल्ड ईटीएफ घ्या असं सांगितलं आहे. एफडी मोडू का?

नेरूळचे_नाना

घोडबंदरी, एक्स्पेन्स रेशोचा इथे संबंध नाही. तो फंडाचा वर्षाचा खर्च असतो आणि रोज चिमूटभर एनएव्हीतून, म्हणजे एका युनिटमागच्या मालाच्या किमतीतून जातो. ०.२ टक्के धरला तरी ३२ हजारांवर वर्षाचे ६४ रुपये झाले. एका सकाळीत तेराशे त्यातून जाणार नाहीत.

तुमच्या ॲपमध्ये 'ऑर्डर' दिसते तसं 'ट्रेडबुक'ही असेल. ते उघडा. १५०० युनिटची ऑर्डर एक दिसेल, पण सौदे किती झाले, कुठल्या भावाला झाले, ते इथे टाका. मग बोलू.

विजयाताई, ईटीएफला व्याज नसतं. एफडी आत्ता मोडू नका. तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो.

घोडबंदरी

नाना, ट्रेडबुक सापडलं. हे असं काही असतं हेच माहीत नव्हतं. सगळे सौदे त्याच एका सेकंदातले:

१२० युनिट, २१.५५
२०० युनिट, २१.७०
३५० युनिट, २२.१०
५०० युनिट, २२.४०
३३० युनिट, २२.९०

एकूण ३३,४१८ रुपये. शेवटचे ३३० तर २२.९० ला! त्या दिवशीचा उच्चांक मीच केला की काय?

नेरूळचे_नाना

हो, तुम्हीच केलात.

मी २२ वर्षं फोर्टमध्ये एका ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये काढली, त्यामुळे या पाच ओळी बघितल्यावर सगळा प्रसंग डोळ्यांसमोर येतो. तुम्ही 'मार्केट' म्हणालात म्हणजे 'समोर जो भाव असेल तो चालेल, पण आत्ता द्या' असं म्हणालात. समोर सगळ्यात स्वस्त विकणारा २१.५५ ला होता, पण त्याच्याकडे १२० च युनिट होते. ते संपले की मशीन पुढच्याकडे गेलं, मग त्याच्या पुढच्याकडे. तुमची ऑर्डर अशी पाच पायऱ्या चढली. २२.९० वाला कोण होता म्हणाल, तर असे गळ टाकून बसलेले लोक रोज असतात. कुणीतरी गाडीत बसून मार्केट ऑर्डर मारेल याचीच ते वाट बघतात.

तेव्हा खरी किंमत काय होती? ईटीएफच्या पोटात जे शेअर आहेत त्यांच्या चालू भावांवरून दिवसभर एक आकडा निघत असतो, त्याला आयनॅव्ह म्हणतात. फंडाच्या साइटवर असतो, एनएसईच्या साइटवर त्या ईटीएफच्या पानावरही दिसतो. निर्देशांक तेव्हा दिवसअखेरीइतकाच वर होता असं धरलं तर तो २१.४० च्या आसपास असणार. त्या हिशेबाने १५०० युनिटचे ३२,१०० व्हायला हवे होते. तुम्ही १३१८ जास्त दिलेत, ४ टक्क्यांच्या वर. ते ब्रोकरला गेले नाहीत आणि फंडालाही नाहीत. समोरच्या पाच विकणाऱ्यांच्या खिशात गेले.

तक्रार कशाची करणार? भाव तुम्हीच मोकळा सोडला होता.

सीवूड्सची_सई

नाना, हे पटलं. पण ॲपने 'मार्केट' आधीच निवडून ठेवायचं, आणि ऑर्डर पाच पायऱ्या चढणार हे दिसत असताना एक इशाराही द्यायचा नाही? काही ब्रोकर मार्केट ऑर्डरला टक्क्यांची मर्यादा लावतात, म्हणजे करता येतंय की. घोडबंदरींनी निदान ब्रोकरला मेल तरी टाकावी.

कोपरीकर

म्हणजे माझंच बरोबर ना? व्हॉल्यूम नव्हता म्हणून फसला.

नेरूळचे_नाना

अर्धं बरोबर. व्हॉल्यूम म्हणजे काल किती फिरलं. तुम्हाला हवं ते म्हणजे या क्षणी समोर किती मांडून ठेवलंय. दोन्ही वेगळं. याच ईटीएफची मार्केट डेप्थ, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी लावलेल्या भावांची यादी, सकाळी साडेदहाला उघडा. बहुतेक दोन्ही बाजूंना काही हजार युनिट दिसतील, दोन-चार पैशांच्या अंतराने. ते मार्केट मेकरचे. फंड हाउसला असे निदान दोन मार्केट मेकर नेमावे लागतात आणि त्यांचं कामच खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव लावून बसायचं.

मग ९:१६ ला ते कुठे होते? इथे गंमत आहे. तो तुम्हाला १५०० युनिट विकतो तेव्हा त्याला तेवढ्याच किमतीचं काहीतरी दुसरीकडे घेऊन स्वतःला सांभाळायचं असतं. निफ्टी ५० असेल तर निफ्टीचे फ्युचर्स आहेत, एका बटणावर काम होतं. मिडकॅप १५० चे फ्युचर्सच नाहीत. त्याला शेअरची टोपली धरावी लागते, आणि ९:१५ ला त्यातले कित्येक शेअर अजून इकडे तिकडे उड्या मारत असतात. आपल्यालाच नक्की भाव माहीत नसताना कोण बारीक भाव लावणार? म्हणून तो थोडा वेळ गप्प बसतो किंवा लांबचे भाव लावतो. तेवढ्यात तुमची खिडकी आली.

गाळा_नंबर_७

वाशी एपीएमसीत कांदा-बटाट्यात आहे. शेअर समजत नाही, पण नाना म्हणतात ते आमच्याकडे रोज चालतं. पहाटे गाड्या खाली व्हायच्या आधी भाव विचारलात तर कुणी सरळ सांगत नाही, सांगितलाच तर वर धरून सांगतो. सात वाजता विचारा, सगळ्या गाळ्यांवर आठ आण्यांच्या फरकाने तोच भाव.

एक विचारायचंय. ठाण्यात जांभळी नाक्याला कांदा वाशीपेक्षा पाच-सात रुपये महाग झाला की कुणीतरी टेम्पो भरून तिकडे नेतो आणि भाव खाली येतो. तुमच्या ईटीएफमध्ये असा टेम्पोवाला नाही का?

नेरूळचे_नाना

वा! आहे, आणि तोही मार्केट मेकरच. भाव आयनॅव्हच्या फार वर गेला की तो शेअरची टोपली किंवा पैसे फंडाला देतो, नवे युनिट घेतो आणि बाजारात विकतो. खाली गेला की उलट. पण तो किलो-दोन किलो नेत नाही, पूर्ण टेम्पोच भरतो. फंडाने ठरवलेल्या ठोक संख्येतच युनिट मिळतात. म्हणून दहा मिनिटं कुणीतरी पाचशे युनिट चढ्या भावाने घेतले, तर त्यासाठी कुणी टेम्पो काढत नाही.

आपल्यासारख्यांना फंडाकडे थेट जाता येत नाही. त्याला २५ कोटींच्या वरचा व्यवहार लागतो.

टवाळ_ठाणेकर

२५ कोटी असते तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये कशाला कुजलो असतो.

गाळा_नंबर_७

एक फरक आहे मात्र. आमचा कांदा सडतो, त्यामुळे वर मागणारा जास्त वेळ बसू शकत नाही. तुमचा २२.९० वाला वर्षभर बसला तरी त्याचं काही बिघडत नाही.

मीनल_खारघर

टेम्पोवरून माझं दुखणं आठवलं. माझ्याकडे अमेरिकेतल्या नॅस्डॅक १०० चा ईटीएफ आहे. घेताना 'नॅस्डॅक चाललाय' एवढंच बघितलं. वर्षभराने निर्देशांक रुपयांत धरून ६ टक्के वर, आणि मी ३ टक्के खाली. बरं, मी मार्केट ऑर्डर टाकली नव्हती! लिमिटच होती, म्हणजे याच्या वर घेणार नाही असा भाव टाकलेला, आणि समोरचा भाव आणि माझा भाव यात पाच पैशांचंही अंतर नव्हतं. मग माझं कुठे चुकलं?

नेरूळचे_नाना

मीनलताई, तुमचा आजार वेगळा. तुमच्याकडे स्प्रेड, म्हणजे घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावांतलं अंतर, बारीक होता, पण दोन्ही बाजूंचे भावच आयनॅव्हच्या वर तरंगत होते. घेतलात त्या दिवशीचा आयनॅव्ह शोधता येतो का बघा.

मीनल_खारघर

शोधला. भाव १४ टक्के वर होता!! आता ४ टक्के वर आहे.

नेरूळचे_नाना

मग हिशेब जुळतो. १०० रुपयांच्या मालाचे तुम्ही ११४ दिलेत. माल १०६ चा झाला, त्यावर आता लोक ४ टक्केच जास्त देतायत, म्हणजे ११० आणि थोडं. ११४ चे ११०, तुमचे तीन टक्के गेले.

आणि टेम्पो का आला नाही, तर घाटच बंद आहे. सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी शेअरमध्ये किती पैसे न्यायचे त्याला ७०० कोटी डॉलरची मर्यादा आहे. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली तेव्हा सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला लावली, नंतर थोडी मोकळीक दिली. पण फंडाला नवे युनिट काढता येत नसतील तर बाजारात आहेत तेवढ्याच युनिटवर उड्या पडतात. भाव वर जातो आणि वरच राहतो.

त्यात अजून एक खोच. आपला बाजार चालू असतो तेव्हा अमेरिकेचा बंद असतो. म्हणजे तुम्हाला दिवसा दिसणारा आयनॅव्ह रात्रीच्या शिळ्या भावांचा असतो. एक-दोन टक्क्यांचा फरक त्यामुळेही दिसू शकतो, त्याने घाबरायचं नाही. १४ टक्के म्हणजे मात्र शिळेपणा नव्हे.

मीनल_खारघर

मग आता ४ टक्के वर आहे तोवर विकून टाकू का?

कोपरीकर

विका. चांदीच्या ईटीएफचं ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच झालं होतं. चांदी मिळेना, भाव वर तरंगायला लागले, काही फंडांनी आपल्या सिल्व्हर फंड-ऑफ-फंडमध्ये एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. तेव्हा घेतलेले काही दिवसांतच रडले.

सीवूड्सची_सई

विकू नका. मर्यादा उठत नाही तोवर पुन्हा १४ होणारच नाही असं कोण सांगणार? शिवाय विकलं तर परत तोच ईटीएफ वर तरंगताना घ्यावा लागेल.

मूळ धाग्यावर यायचं तर माझं वेगळंच म्हणणं आहे. महिन्याला दहा-वीस हजार टाकणाऱ्या माणसाने हा खेळ खेळावाच कशाला? साधा इंडेक्स फंड घ्या. तीनच्या आत पैसे पोचले की त्या दिवशीची एनएव्ही मिळते, स्प्रेड नाही, पायऱ्या नाहीत, डीमॅटचा खर्च नाही. एक्स्पेन्स रेशो थोडा जास्त पडेल. पडू दे. घोडबंदरींनी एका सकाळी त्याची वीस वर्षांची बचत उडवली.

कोपरीकर

सईताई, वीस वर्षं जरा जास्त होतंय. आणि ४ जून २०२४ विसरलात? निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. दुपारी साडेबाराला मी निफ्टीचा ईटीएफ घेतला, त्या क्षणाच्या भावाला. इंडेक्स फंडवाल्यांना दिवसअखेरचा भाव मिळाला.

माझी युक्ती सांगतो. ३:२५ नंतर घ्यायचा. बंद भाव म्हणजेच एनएव्ही, त्यामुळे वर-खालीचा प्रश्नच येत नाही.

नेरूळचे_नाना

नाही हो. एनएव्ही निघते आतल्या शेअरच्या बंद भावांवरून. ईटीएफचा स्वतःचा बंद भाव म्हणजे त्याच्याच शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी. त्या अर्ध्या तासात कुणी वेड्यासारखे सौदे केले तर तो भाव एनएव्हीला सोडून जातो. शिवाय शेवटच्या पाच मिनिटांत मार्केट मेकरही हात आखडतात, कारण रात्रभर माल घेऊन बसायची त्यांना हौस नसते. मी साडेदहा ते तीनच्या मध्ये घेतो. पण निफ्टी ५० च्या मोठ्या ईटीएफला हे सगळं फारसं लागू नाही. तिथे पावणेतीनशेच्या भावावर तीन-चार पैशांचं अंतर असतं, ते मोजायला बसू नका.

सईताईंशी मात्र माझं भांडण नाही. मिडकॅपमध्ये छोट्या रकमेला इंडेक्स फंड बरा, असं माझंही मत होत चाललंय.

टवाळ_ठाणेकर

नाना मवाळ झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

घोडबंदरी

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय. सर्वांचे आभार, आणि एक नवी फजिती.

या वेळी गाडीत काही केलं नाही. अकराच्या चहाला मार्केट डेप्थ उघडली. घेणारे २१.८४ ला ९ हजार, विकणारे २१.८९ ला १२ हजार. आयनॅव्ह २१.८६. (आधी ॲपमध्ये 'एनएव्ही' लिहिलेलं बघत होतो, मग लक्षात आलं की तो कालचा आकडा आहे. दोन साइट शोधाव्या लागल्या.) पाच पैशांचं अंतर, म्हणजे पाव टक्क्याच्या आत. नानांनी सांगितल्यासारखंच चित्र. मी हुशारी करून मधला भाव, २१.८७ ची लिमिट टाकली, १५०० युनिट.

६०० मिळाले. मग निर्देशांक वर सरकला, मार्केट मेकरचे भाव २१.९५ च्या पुढे गेले, आणि माझे ९०० लटकले. साडेतीनला ऑर्डर आपोआप रद्द. दुसऱ्या दिवशी बाजार १ टक्का वर. आता हे ९०० महाग घेऊ का थांबू?

सीवूड्सची_सई

इंडेक्स फंड. (गप्प बसते.)

नेरूळचे_नाना

घोडबंदरी, दोन पैसे गुणिले ९०० म्हणजे १८ रुपये. तेवढे वाचवायला तुम्ही रांगेत उभे राहिलात, आणि १ टक्क्याने १९७ हुकले. बाजार पडला असता तर स्वतःला शहाणे म्हणाला असतात, तो भाग वेगळा.

लिमिट म्हणजे रांगेतच उभं राहायचं असं नाही. तुम्ही २१.८९ ची लिमिट टाकली असती तर समोरच्या १२ हजारांतून १५०० लगेच मिळाले असते. आणि कुणी मध्येच ते १२ हजार काढून घेतले असते, तर तुमची ऑर्डर २१.८९ च्या वर एक पायरीही चढली नसती. सौदा मार्केट ऑर्डरसारखा झटकन होतो, वर झाकण मात्र तुमचं असतं. समोर पुरेसा माल आहे आणि विकणाऱ्याचा भाव आयनॅव्हच्या जवळ आहे, एवढं दिसलं की मी हेच करतो. अंतर मोठं असेल तेव्हाच मध्ये उभं राहण्यात अर्थ आहे.

ते ९०० कधी घ्यायचे, हे मला विचारू नका. बाजार उद्या कुठे जाणार हे कळत असतं तर नेरूळऐवजी मलबार हिलला राहिलो असतो.

कोपरीकर

आणि विकताना?

नेरूळचे_नाना

विकताना डावीकडचा रकाना बघायचा. त्या सोमवारी ९:१६ ला घेणाऱ्यांच्या बाजूला काय होतं ते आपल्याला दिसलं नाही, पण तिकडेही २०.५० वगैरेला गळ टाकलेले असणार, याची पैज लावतो. बाजार धडाधड पडत असतो तेव्हा लोक तिथेच सापडतात. घ्यायची घाई सहसा नसते. विकायची असते.

मीनल_खारघर

मी अर्धे विकले. सई आणि कोपरीकर दोघांचंही ऐकलं.

विजया_पाचपाखाडी

नाना, माझं राहिलं. एफडी मोडली नाही. पण दिवाळीच्या आधी थोडा गोल्ड ईटीएफ घ्यायचा आहे, मुलगा ॲप लावून देईल. त्यालाही सकाळी घ्यायचं नाही का?

नेरूळचे_नाना

ताई, सोन्याचा वायदा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि ईटीएफ साडेतीनला बंद होतो. रात्री भाव हलला की सकाळी ईटीएफ त्या फरकाने उघडतो आणि पहिली काही मिनिटं विस्कटलेली असतात. अकरानंतर मुलाला बसवा. ट्रेडबुक दाखवायला सांगा. एकच ओळ दिसली, किंवा चार ओळी असल्या तरी सगळ्यांचा भाव तोच असला, की झालं.